ओळखीचे नाव आणि वेगळी वस्तू : विमानातील सुरक्षा सूचना मराठीत आणताना

प्रश्न : "कोल्हापूरहून सुटणाऱ्या विमानांसाठी सुरक्षा सूचनांचा मराठी अनुवाद करायचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्रजीवरून केलेली माझी वाक्ये फार लांब होतात आणि वाचणाऱ्या मुलीला धाप लागते. शिवाय ऑक्सिजन मास्क, लाइफ जॅकेट, इमर्जन्सी एक्झिट यांना शुद्ध मराठी शब्द द्यावेत की आहेत तेच ठेवावेत, हे ठरत नाही. अनुभवी लोकांनी सांगावे."

मी कोल्हापुरात राहून गेली बरीच वर्षे तांत्रिक आणि सुरक्षाविषयक अनुवाद करते आणि केबिनमधील सूचनांचे काम मी एकाहून अधिक वेळा केले आहे. माझ्या अनुभवात लांब वाक्ये आणि उपकरणांची नावे या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. ही सूचना कोणी बसून वाचत नाही. एक कर्मचारी ती माइकवर वाचते आणि त्याच क्षणी दुसरी कर्मचारी मधल्या वाटेत उभी राहून हातांनी कृती करून दाखवते. प्रवाशाच्या कानावर एक शब्द पडतो, डोळ्यांसमोर एक वस्तू येते आणि त्या दोन्हींचा मेळ त्याला एकाच वेळी घालावा लागतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे वाक्य लांबले की दाखवणारीचा हात आधी हलतो आणि "ओढा" किंवा "अडकवा" हा शब्द मागाहून येतो. इंग्रजीत क्रियापद आधी येते, त्यामुळे तिथे लांब वाक्यही हाताबरोबर चालते. म्हणून मराठीत एका वाक्यात एकच क्रियापद आणि एका क्रियापदाला हाताची एकच हालचाल, हा नियम मी पाळते. बहुतेक वाक्ये तीन ते आठ शब्दांत बसतात. शब्द मोजण्यापेक्षा हाताच्या हालचाली मोजणे अधिक उपयोगी पडते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हाला काम सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्याव्या लागतील. पहिली गोष्ट म्हणजे विमान कोणते आहे. कोल्हापूरसारख्या विमानतळावर पंख्यांची छोटी एटीआर विमानेही येतात आणि छोटी जेट विमानेही येतात. एटीआर साधारणपणे २५,००० फुटांच्या वर जात नाही आणि तेवढ्या उंचीवरून ते लवकर खाली आणता येते, त्यामुळे अनेक एटीआर विमानांत प्रवाशांच्या डोक्यावरून आपोआप खाली येणारे मास्क बसवलेलेच नसतात. अशा विमानासाठी जेटचा मजकूर तसाच अनुवादित केला, तर जी वस्तू विमानात नाही तिची सूचना प्रवाशांना दिली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या विमानात लाइफ जॅकेट आहे की तरंगणारी सीटची गादी आहे, आणि जॅकेट असल्यास ते सीटखाली आहे की आणखी कुठे. तिसरी गोष्ट म्हणजे मंजूर इंग्रजी मजकुराची आवृत्ती. त्या मजकुरात नसलेला आशय घालण्याचा अधिकार अनुवादकाला नाही आणि त्यातील काही गाळण्याचाही नाही. वाक्ये तोडणे आपल्या हातात आहे, मात्र क्रम बदलायचा असेल तर कंपनीची संमती घ्यावी लागते, कारण दाखवणारीच्या हालचाली त्या क्रमाने बसवलेल्या असतात.

आता नावांकडे येते. सुरुवातीला मीही "प्राणवायू मुखवटा" आणि "जीवरक्षक" असे लिहीत असे. ते का सोडले, याचे कारण मराठीवरचे प्रेम कमी झाले हे नाही. मुखवटा म्हटले की चेहरा लपवण्याची वस्तू डोळ्यांसमोर येते. आणि जीवरक्षक म्हणजे आपल्या कोल्हापुरात माणूस. पंचगंगेत कोणी बुडू लागले की पाण्यात उडी घेणारे पोहणारे, त्यांना आपण जीवरक्षक म्हणतो. "जीवरक्षक तुमच्या आसनाखाली ठेवलेले आहे" हे वाक्य ऐकणाऱ्याला क्षणभर थांबून अर्थ लावावा लागतो आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्ये निघून जातात. याउलट "लाइफ जॅकेट" हा शब्द शिकवावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आणि पुन्हा २०२१ मध्ये कोल्हापूर, शिरोळ, सांगली भागांतील हजारो लोकांनी बचाव पथकांच्या बोटींत ती नारंगी जॅकेटे पाहिली आणि अनेकांनी घातलीही. "ऑक्सिजन मास्क" हा शब्द करोनाच्या काळात घरोघरी पोहोचला. सीट, बेल्ट, बकल, मास्क, जॅकेट हे शब्द आता मराठी बोलणाऱ्यांचे आहेत आणि ते तसेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण खरे काम इथून पुढे सुरू होते. ओळखीचे नाव प्रवाशाच्या मनात ओळखीचे चित्र उभे करते आणि विमानातील वस्तू त्या चित्रासारखी नसते. जिथे हा फरक पडतो, नेमकी तिथेच माणसे चुकतात. त्यामुळे प्रत्येक उपकरणाबाबत मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. हे नाव ऐकल्यावर कोल्हापुरातील माणसाला काय दिसेल आणि विमानातील वस्तू त्याहून कोणत्या बाबतीत वेगळी आहे? तो फरक सांगणारे वाक्य सर्वांत लहान आणि सर्वांत स्पष्ट असले पाहिजे.

सीट बेल्टचे उदाहरण सोपे आहे. मोटारीत बेल्ट सोडायला बटण दाबावे लागते. विमानात बकलचे झाकण वर उचलावे लागते. अपघातानंतर घाबरलेले प्रवासी मोटारीच्या सवयीने बकलवर बटण शोधत राहिल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे "बेल्ट सोडण्यासाठी बकल उघडा" हा अनुवाद व्याकरणाने बरोबर असूनही पुरेसा नाही, कारण "उघडा" म्हटल्यावर हात बटणाकडेच जातो. "सोडताना बकलचे झाकण वर उचला" असे लिहिले की हाताला दिशा मिळते. बेल्ट कुठे घट्ट करायचा, हेही एका स्वतंत्र वाक्यात सांगावे : "बेल्ट कमरेवर, पोटाच्या खाली, घट्ट ओढा." मूळ मजकुरात कमरेचा उल्लेख असेल तरच हे लिहावे.

ऑक्सिजन मास्कच्या बाबतीत चित्रातील फरक अधिक गंभीर आहे. रुग्णालयात मास्क परिचारिका लावते आणि ऑक्सिजन आधीच चालू असतो. विमानात मास्क वरून लोंबकळतो आणि बहुतेक विमानांत तो स्वतःकडे ओढल्याशिवाय ऑक्सिजन सुरूच होत नाही. अनेक विमानांत डोक्यावरच्या पेटीत एक रासायनिक नळकांडे असते. मास्क ओढला की त्याला जोडलेल्या दोरीने एक खीळ निघते आणि त्या नळकांड्यातली रासायनिक क्रिया सुरू होऊन ऑक्सिजन वाहू लागतो. म्हणजे "ओढा" हे क्रियापद इथे उपकरण चालू करण्याची कळच आहे. जुन्या अनुवादांत मला "मास्क आपल्याकडे घ्यावा" असे वाक्य सापडले होते. घेणे आणि ओढणे यात फरक आहे. हलक्या हाताने घेतलेला मास्क तोंडाला लागतो, पण खीळ निघत नाही.

दुसरा फरक पिशवीचा. रुग्णालयात फुगलेली पिशवी पाहायची सवय झालेली असते, विमानात ती फुगेलच असे नाही. पिशवी न फुगल्यामुळे मास्क बिघडला असे समजून तो काढून टाकणे धोक्याचे आहे. तिसरा फरक नाकाचा. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उड्डाणात एका विमानाचे इंजिन फुटले, खिडकी तुटली आणि मास्क खाली आले. त्या वेळी प्रवाशांनीच काढलेल्या छायाचित्रांत अनेकांनी मास्क फक्त तोंडावर धरलेला दिसतो, नाक उघडेच आहे. करोनात कापडी मास्क नाकाखाली ओढण्याची सवय आपल्याकडेही पुष्कळांना लागली. त्यामुळे "तोंडावर मास्क लावा" हा सोपा वाटणारा वाक्प्रयोग मी कधीच वापरत नाही. नाकाचा उल्लेख आधी येतो.

माझ्या मसुद्यात तो भाग साधारण असा असतो :

"केबिनमधील हवेचा दाब कमी झाला, तर वरून ऑक्सिजन मास्क खाली येतील.
मास्क जोरात स्वतःकडे ओढा.
मास्क नाकावर आणि तोंडावर बसवा.
इलॅस्टिक डोक्यामागे न्या.
नेहमीसारखा श्वास घ्या.
पिशवी फुगली नाही, तरी ऑक्सिजन येत असतो.
आधी स्वतःचा मास्क लावा.
मग मुलांना आणि इतरांना मदत करा."

यात "दाब कमी झाल्यास" असे न लिहिता "दाब कमी झाला, तर" असे लिहिले आहे. "-ल्यास" हे रूप कागदावर नीटनेटके दिसते, पण माइकवरून ऐकताना ते पटकन निसटते. "तर" मात्र स्वतंत्र शब्द म्हणून ऐकू येतो आणि अट संपली, आता कृती सांगितली जाणार आहे, हे कानाला कळते. शेवटची दोन वाक्ये मी मुद्दाम वेगळी ठेवते. आईचा हात स्वाभाविकपणे आधी मुलाकडे जातो. पण ३५,००० फुटांवर हवेचा दाब एकदम गेला, तर माणूस शुद्धीवर राहून काही करू शकेल असा वेळ अर्धा ते एक मिनिट, कधी त्याहूनही कमी, एवढाच असतो. मुलाला मास्क लावता लावता आईची शुद्ध हरपली, तर दोघेही अडचणीत येतात. "आधी" हा शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला आला पाहिजे आणि वाचणारीने त्यावर जोर दिला पाहिजे. "इतरांना मदत करण्यापूर्वी स्वतःचा मास्क लावावा" असे इंग्रजीच्या वळणाचे वाक्य केले, तर ऐकणाऱ्याच्या कानावर प्रथम "इतरांना मदत" हेच पडते.

इथेच क्रियापदाच्या रूपाबद्दल सांगते. "लावावा", "बांधावा", "फुगवू नये" ही रूपे सभ्य वाटतात म्हणून बहुतेक नवे अनुवादक ती घेतात. मराठी कानाला मात्र त्यांतून सल्ला ऐकू येतो, जसा औषधाच्या बाटलीवर किंवा पंचांगात असतो. "लावा", "बांधा", "फुगवू नका" ही आज्ञार्थी अनेकवचनी रूपे पुरेशी आदराची आहेत आणि ती आज्ञा म्हणूनच ऐकली जातात. "कृपया" हा शब्द स्वागताच्या आणि सामानाच्या वाक्यांत राहू द्यावा. मास्क आणि जॅकेट यांच्या वाक्यांत मी तो घेत नाही.

लाइफ जॅकेटच्या परिच्छेदावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, म्हणून तो पूर्णच मांडते. एका कामात माझ्याकडे तपासायला आलेला मसुदा असा होता :

"आपल्या आसनाखाली ठेवण्यात आलेले जीवरक्षक जॅकेट पाण्यावर उतरण्याच्या प्रसंगी बाहेर काढून डोक्यावरून परिधान करावे व त्याचे पट्टे कमरेभोवती बांधून, लाल टॅब खेचून ते फुगवावे, मात्र विमानात असताना ते फुगवू नये."

हा मसुदा लिहिणाऱ्याने कोणताही आशय सोडलेला नाही आणि व्याकरणही बरोबर आहे. तरीही तो धोकादायक आहे. त्यात एका श्वासात पाच कृती आहेत. त्याहून मोठी अडचण म्हणजे क्रम. फुगवण्याची कृती आधी येते आणि मनाई सर्वांत शेवटी येते. मराठीत नकार हा वाक्याचा शेवटचा शब्द असतो. माइक वेळेआधी बंद झाला, इंजिनाचा आवाज वाढला किंवा शेजारी कोणी बोलले, तर पहिला गिळला जाणारा शब्द "नये" हाच. उरते ते "विमानात असताना ते फुगवू…". दाखवणारीच्या हातात त्या वेळी लाल टॅब असतो आणि प्रवाशाच्या मनात तेच दृश्य कायम राहते.

आत का फुगवायचे नाही, हे अनुवादकाला नीट माहीत असले पाहिजे, म्हणजे तो ते वाक्य हलक्याने घेणार नाही. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियाचे एक अपहृत विमान इंधन संपल्याने कोमोरोस बेटांजवळ समुद्रावर उतरले. त्यातील १७५ जणांपैकी १२५ मृत्युमुखी पडले. काही प्रवाशांनी विमानाच्या आतच जॅकेटे फुगवली होती. केबिनमध्ये पाणी शिरल्यावर फुगलेल्या जॅकेटांनी त्यांना छताकडे ढकलले. दार पाण्याखाली असताना खाली बुडी मारून बाहेर पडणे त्यांना शक्य झाले नाही.

आणि आता आपल्या भागाचा प्रश्न. महापुरातील बचावाची जॅकेटे आत फोम भरलेली असतात. ती घातली की लगेच तरंगतात, त्यांत हवा भरायची नसते आणि त्यांची क्लिप छातीवर असते. विमानातील जॅकेट पातळ असते, घडी करून पाकिटात ठेवलेले असते आणि गॅसच्या छोट्या नळकांड्याने ते फुगवावे लागते. मसुदा तयार झाल्यावर मी तो सहा जणांना ऐकवला. त्यांत शिरोळ तालुक्यातील एक साठीच्या पुढच्या मावशी होत्या. २०१९ मध्ये त्या बोटीतून बाहेर आल्या होत्या. मी त्यांच्या हातात सरावाचे जॅकेट दिले आणि वाचून दाखवू लागले. त्यांनी ते डोक्यातून नीट घातले, पण मग त्यांचा हात छातीवर क्लिप शोधू लागला. पट्टा कमरेमागे लोंबकळत राहिला. जॅकेट घालून झाल्यावर त्या थांबल्या. "झालं की," त्या म्हणाल्या. फुगवायचे असते ही कल्पनाच त्यांच्या मनात नव्हती, कारण त्यांच्या ओळखीचे जॅकेट फुगवायचे नसते. त्या एका प्रयोगामुळे मी पट्ट्याचे एक वाक्य तोडून तीन केले आणि फुगवण्याची वाक्ये पूर्ण नव्याने लिहिली.

कंपनीच्या संमतीने क्रम बदलून अंतिम मजकूर असा झाला :

"लाइफ जॅकेट तुमच्या सीटखाली आहे.
पाकीट फाडा. जॅकेट बाहेर काढा.
जॅकेट डोक्यातून घाला.
पट्टा कमरेभोवती फिरवा. पुढे आणून अडकवा. ओढून घट्ट करा.
जॅकेट विमानाच्या दारातून बाहेर पडतानाच फुगवा.
विमानाच्या आत फुगवू नका.
फुगवण्यासाठी लाल मूठ जोरात खाली ओढा.
जॅकेट फुगले नाही, तर नळीत तोंडाने हवा भरा.
दिवा पाण्यात आपोआप लागतो.
मदत मागण्यासाठी शिट्टी वाजवा."

फुगवण्याची जागा आधी, मनाई त्यानंतर आणि लाल मूठ सर्वांत शेवटी, हा क्रम मी आग्रहाने मागितला. मनाईचा "नका" ऐकू आला नाही, तरी आधीच्या वाक्यातील "बाहेर पडतानाच" हे होकारार्थी शब्द कानावर पडलेले असतात. दोन्ही वाक्ये एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगतात. ही पुनरुक्ती ठेवावी, संपादनात ती कापू नये. "दारातून बाहेर पडताना" की "दाराशी आल्यावर" हे त्या त्या कंपनीच्या मंजूर मजकुरावर अवलंबून असते. लहान मुलांच्या जॅकेटांची सूचना काही ठिकाणी वेगळी असते, म्हणून ती वेगळी विचारून घ्यावी.

"लाल मूठ" हा शब्द मी शब्दकोशातून घेतलेला नाही. आधी "लाल टॅब" होते. टॅब म्हटले की तरुण मंडळींना मोबाईलचा मोठा भाऊ आठवतो आणि वयस्कर माणसांना काहीच आठवत नाही. त्या जॅकेटाला लाल प्लास्टिकची, बोटांत धरता येईल अशी छोटी मूठ होती, म्हणून तो शब्द बसला. काही जॅकेटांना तिथे दोरीला लावलेली गोटी असते आणि दोन कप्प्यांच्या जॅकेटांना दोन मुठी असतात. त्यामुळे प्रत्यक्ष त्या विमानातील जॅकेट हातात घेतल्याशिवाय हे नाव ठरवू नये. कंपनीकडे सरावाचा नमुना असतोच. तो मागा, किमान सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे तरी मागा. हाच न्याय खिडकीच्या झडपेला. "खिडकीचा पडदा उघडा" असे ऐकल्यावर लोक कापडी पडदा शोधतात. वर सरकवायची प्लास्टिकची झडप असेल, तर "खिडकीची झडप वर सरकवा" असेच म्हणावे. आणि "पाठ सरळ करा" हे वाक्य कुठे असेल तर ते ताबडतोब बदला. अनेक प्रवासी स्वतःच ताठ बसतात आणि सीट मागे कललेलीच राहते. "सीट सरळ करा" एवढे पुरे आहे.

बाहेर पडण्याच्या दारांना मात्र मी मराठी नाव देते, कारण इथे चांगले मराठी नाव आधीपासून लोकांच्या नजरेत आहे. एसटीच्या बसमध्ये "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" हे शब्द आपण सर्वांनी लहानपणापासून वाचलेले आहेत. त्यामुळे "आपत्कालीन निर्गमन द्वार" हा जड शब्द घडवण्याची गरज नाही. "संकटकाळी बाहेर पडण्याची दारे" असे एकदा पूर्ण म्हणावे आणि त्यानंतर नुसते "दार" म्हणावे. दारांवर काय लिहिलेले आहे तेही प्रवाशाला ओळखू आले पाहिजे. तिथे इंग्रजीत "एक्झिट" लिहिलेले असते, म्हणून "ज्या दारावर एक्झिट लिहिले आहे" असे एक वाक्य मूळ मजकुरात सोय असेल तर जोडावे.

दारांच्या संख्येत आणि जागांत सर्वांत जास्त चुका होतात, कारण लोक एका विमानाचा मजकूर दुसऱ्याला लावतात. एअरबस ए ३२० मध्ये पुढे दोन, पंखांवर चार आणि मागे दोन अशी आठ दारे असतात. एटीआर ७२ मध्ये प्रवासी मागच्या डाव्या दारातून पायऱ्यांनी चढतात, त्याच्या समोर उजवीकडे दुसरे दार असते आणि केबिनच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एक एक छोटे, खिडकीसारखे दार असते. एटीआरमध्ये पुढच्या रांगेत बसलेला प्रवासी मागून चालत आलेला असतो, त्यामुळे घाईत तो ज्या दाराने आला तिकडेच धावेल. "जवळचे दार तुमच्या मागेही असू शकते" हे जेटसाठी योग्य वाक्य आहे. एटीआरसाठी ते अपुरे आहे, कारण तिथे अर्ध्या प्रवाशांचे जवळचे दार पुढे असते आणि ते त्यांनी पाहिलेलेच नसते. म्हणून "जवळचे दार तुमच्या पुढे किंवा मागे असू शकते. आत्ताच पाहून ठेवा." असे मी सुचवते. मूळ इंग्रजीतही ही त्रुटी असेल, तर ती अनुवादात गुपचूप दुरुस्त करू नये. वेगळ्या टिपणीत कंपनीला कळवावी.

धोक्याच्या वेळी कर्मचारी ज्या आज्ञा ओरडून देतात, त्यांचा अनुवाद तुमच्याकडे सोपवला गेला नसेल तर त्याला हात लावू नका. त्या आज्ञा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात ठरलेल्या शब्दांत पाठ करून घेतलेल्या असतात. कागदावर नवे मराठी शब्द दिले आणि सराव मात्र जुन्याच शब्दांचा असला, तर ऐन वेळी तोंडातून दोन्हींची सरमिसळ बाहेर पडते.

मजकूर देताना मी तीन रकाने करते. पहिल्यात मंजूर इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात मराठी आणि तिसऱ्यात त्या मराठीचा शब्दशः इंग्रजी उलट अनुवाद. कंपनीच्या सुरक्षा विभागात निर्णय घेणाऱ्याला मराठी येईलच असे नाही. "विमानाच्या आत फुगवू नका" याचे उलट इंग्रजी समोर असले, तर आशय बदललेला नाही याची त्याला खात्री पटते. क्रम जिथे बदलला असेल, तिथे कारणासह खूण करावी. वर इंग्रजी मजकुराची आवृत्ती आणि दिनांक लिहावा, कारण वर्षभराने इंग्रजी बदलते आणि मराठी तशीच राहते. दोन्ही भाषांत वेगळ्या सूचना ऐकू येण्याचे ते सर्वांत सामान्य कारण आहे.

शेवटी चाचणी. ऐकणाऱ्याला "समजले का?" असे विचारू नका, सगळेच हो म्हणतात. त्याच्या हातात वस्तू द्या आणि वाचून दाखवा. मी घरातला मिक्सर किंवा मोठा पंखा चालू ठेवते, म्हणजे इंजिनाच्या आवाजासारखा काही अडथळा मिळतो. मग तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहते. हात जिथे थांबतो किंवा चुकीच्या जागी जातो, तिथले वाक्य बदलायचे. विमानात कधीच न बसलेल्यांना ऐकवावे, नुसते नेहमी प्रवास करणाऱ्यांना ऐकवून थांबू नये, कारण नेहमीचे प्रवासी ऐकण्याआधीच सवयीने हात हलवतात आणि त्यांच्यावरून काहीच कळत नाही. वाचणाऱ्या मुलीलाही त्या वेळी बोलवा. तिला कोणत्या शब्दावर श्वास घ्यावा लागतो ते खुणेने लिहून घ्या. तीन भाषांत सूचना द्यायची असते आणि लहान विमानतळावर विमान धावपट्टीच्या टोकाला लवकर पोहोचते, त्यामुळे ती घाई करणारच. घाईतही जे वाक्य शेवटच्या क्रियापदापर्यंत पूर्ण ऐकू येते, तेवढेच अंतिम प्रतीत ठेवा.